सरळ केस आणि मुळाशी उमटणारी रेघ

काल रात्री मंजूच्या केसांना तेल लावताना बोटांना एक जागा लागली आणि तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. टाळूपासून साधारण चार बोटे अंतरावर तिचा केस एकाएकी बदलतो. मुळाकडचा भाग भरड, किंचित वळलेला आणि बोटांत अडकणारा आहे, तर त्याखालचा भाग इतका सपाट की बोट कुठेही न अडखळता टोकापर्यंत घसरत जाते. नेमक्या त्या सीमेवर आखूड, तुटके केस उभे होते आणि ते जवळजवळ सगळे एकाच उंचीचे होते. वयामुळे किंवा पाण्यामुळे गळणारे केस असे एका ओळीत तुटत नाहीत. मी काही बोलले नाही. परंतु मंजूने केले तेच, केस कायमचे सरळ करण्याचे रिबॉन्डिंग करून घ्यायला शनिवारी माझी स्वतःची वेळ ठरलेली आहे, आणि आता त्या वेळेचा विचार आला की माझी बोटे आपोआप माझ्या भांगाकडे जातात.

मी या केसांना खरोखरच कंटाळले आहे, हे आधी लिहून ठेवले पाहिजे. रत्नागिरीच्या हवेत जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते माझे ऐकत नाहीत. सकाळी इस्त्री फिरवून सरळ केलेले केस बसस्टॉपवर पोहोचेपर्यंत कपाळाशी पुन्हा वळलेले असतात. केस विंचरले आणि निघाले, एवढे साधे सुख मला कधी मिळाले नाही. आईचे केस असे नव्हते. लग्नाच्या फोटोंविषयी तर मला आज लिहायचेच नाही.

पार्लरमधल्या ताईंकडे चौकशीला गेले होते, तेव्हा त्यांनी घाई केली नाही, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. आधी त्यांनी मेंदीविषयी विचारले, कारण बाजारातल्या काही काळ्या मेंद्यांमध्ये धातूंचे क्षार असतात आणि त्यांच्यावर पुढची रसायने पडली तर केस जळू शकतो. मग माझा एक ओला केस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ताणला आणि सोडला. तो पुन्हा मूळ लांबीवर आला. जो केस ताणल्यावर लांबतच जातो आणि परत येत नाही, त्याला आपण हात लावत नाही, असे त्या म्हणाल्या.

इस्त्रीने आणि रिबॉन्डिंगने होणारे काम वेगळे आहे, हेही मला तिथेच नीट उमगले. इस्त्री केसातले जे बंध बदलते ते पाण्याने पुन्हा सुटतात, म्हणून दमट हवेत ते सरळपण टिकत नाही. रिबॉन्डिंगमध्ये थायोग्लायकोलेटचे क्रीम लावून केसातले गंधकाचे मजबूत बंध तोडतात, केस धुऊन, वाळवून, पातळ पातळ बटा घेऊन इस्त्रीने सपाट करतात आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड असलेल्या न्यूट्रलायझरने ते बंध त्या सरळ आकारातच पुन्हा जोडतात. एवढे झालेला केस पावसात भिजला तरी सरळच राहतो. परंतु केसाला वळण मिळते ते त्वचेच्या आत, त्याच्या मुळाच्या पिशवीच्या आकारामुळे, आणि तिथपर्यंत कोणतेही क्रीम पोहोचत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून उगवणारा प्रत्येक केस पुन्हा माझाच असणार.

गेले कित्येक आठवडे मी खर्चाचा हिशेब मांडत होते. काल रात्री पहिल्यांदा लांबीचा मांडला. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटरपर्यंत वाढतो. माझे वळण सैल आहे, त्यामुळे ते दिसायला थोडी लांबी लागते. पहिले तीन-चार महिने मुळाशी नुसता फुगीरपणा जाणवेल आणि भांगाजवळचे केस डोक्याला चिकटून बसणार नाहीत. सहा महिन्यांनी सात सेंटिमीटरच्या आसपास नवा केस असेल आणि तेवढ्यात पहिले वळण पूर्ण उमटेल. त्याखाली सरळ लांबी लोंबत असेल. घट्ट कुरळ्या केसांत ही रेघ याहून लवकर दिसते, हे खरे. पण आज ना उद्या ती माझ्याही केसांत दिसणारच.

मग टच-अप. त्यात क्रीम फक्त नव्या केसाला लागले पाहिजे आणि जुन्या सीमेपाशी थांबले पाहिजे. डोक्याच्या मागच्या बाजूला, दाट केसांत, ओल्या क्रीमने ती सीमा प्रत्येक बटेवर अचूक सांभाळणे किती अवघड असेल! एखादा सेंटिमीटर जरी खाली लागले तरी तेवढ्या पट्ट्यातले बंध दुसऱ्यांदा तुटतात, आणि केस नेमका तिथे कमकुवत होतो. मंजूच्या डोक्यावर माझ्या बोटांना लागली ती हीच जागा. वरून ती तिथेच घट्ट रबर लावून केस बांधत असे.

आणि समजा, मला दोन वर्षांनी हे नकोसे झाले तर? सरळ झालेल्या लांबीला तिचे वळण परत देता येत नाही. ती वाढू देऊन कापावीच लागते. माझे केस मुळापासून टोकापर्यंत पंचेचाळीस सेंटिमीटर आहेत. खांद्यापर्यंत लांब आणि संपूर्ण माझे असे केस परत मिळायला दोन वर्षांहून अधिक काळ जाईल, आणि तो सगळा काळ ती रेघ हळूहळू खाली सरकत राहील. पार्लरमधल्या केराटिन ट्रीटमेंटमध्ये रेघ अशी ठळक येत नाही, कारण ते काही महिन्यांत धुतले जाते. पण इस्त्रीच्या उष्णतेने त्यातल्या काही मिश्रणांतून फॉर्माल्डिहाइडचा धूर निघतो आणि माझा दमा मला तो सोसू देणार नाही.

तरीही मला खरे टोचते आहे ते निराळेच. आज मला माझ्या केसांचा कंटाळा येतो, पण तो संपूर्ण डोक्याचा येतो. शनिवारनंतर मी दर महिन्याला आरशासमोर वाकून, भांग पाडून, उगवून आलेला माझाच केस दोष म्हणून मोजत बसेन. मंजू तसे करते; बोलता बोलता तिचा हात टाळूवर जातो. तो हात आता माझाही व्हायला निघाला आहे, या विचाराने मला फार वाईट वाटते. कंटाळा मला सोसतो. स्वतःच्या वाढीवर असा पहारा ठेवणे मला सोसणार नाही, असे पुन्हा पुन्हा वाटते.

वळण ठेवायचे तर मेहनत संपत नाही, हे मला ठाऊक आहे. केस ओले आणि कंडिशनर लावलेले असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने सोडवायचे, कोरड्या केसांवर ब्रश फिरवायचा नाही, टॉवेलने चोळायचे नाहीत, जुन्या सुती टीशर्टने पाणी टिपायचे. जवस उकळून गाळलेले जेल ओल्या केसांत मुठीने दाबून लावले तर बटा सुटत नाहीत, पण ते फ्रिजमध्येही आठवडाभरच टिकते. इतके करूनही जुलैमध्ये माझे केस फुगणारच आहेत, आणि ते मी आज प्रथमच शांतपणे लिहू शकते आहे. यात चुकले तर पुढच्या नाहण्यात दुरुस्त होते.

आज दुपारी ताईंना फोन करून शनिवारचे रिबॉन्डिंग रद्द केले. त्याऐवजी वळणाला साजेसे, थरांचे केस कापून घेणार आहे, म्हणजे टोकांकडचा भार कमी होऊन मुळाशी उठाव येईल. ताई म्हणाल्या की ते कोरड्या केसांवरच कापू, कारण ओला वळणदार केस लांब दिसतो आणि वाळल्यावर वर चढतो. मंजूला सोबत घेऊन जाईन. तिचा पुढचा टच-अप थांबवून तो तुटका पट्टा ताईंना दाखवायला हवा.