भावाची लाइट आणि माझी लॉगशीट

सकाळी आठला पाळी सुटली. आंघोळ झाली, भाकरी खाल्ली, पण झोप येईना. म्हणून रात्रीचं सगळं आत्ताच लिहून काढतो.

जालन्याजवळच्या एका कारखान्यात मी कायम रात्रपाळीचा सुपरवायझर आहे. आम्ही शेतीचे पीव्हीसी पाइप काढतो. नोव्हेंबरपासून दोन नंबरच्या लाइनने आमचा पिच्छा पुरवला होता. मध्यरात्रीनंतर कधीतरी व्हॅक्यूम पंप आपोआप बंद पडायचा. डायमधून निघालेला पाइप मऊ असतो, व्हॅक्यूमने त्याला चहूबाजूंनी ओढून धरलं तरच तो गोल राहतो. पंप थांबला की गेजचा काटा शून्याकडे घसरतो, पाइप चपटा होऊन अडकतो आणि लाइन थांबवावी लागते. आत एक्सट्रूडरमध्ये पीव्हीसी 180 अंशांच्या आसपास तापलेलं असतं. ते पडून राहिलं तर आधी पिवळं, मग तपकिरी होतं आणि नाकाला झोंबणारा वास सुटतो. पंप हिरवं बटण दाबताच चालू व्हायचा, पण लाइन पुन्हा लागेपर्यंत चाळीस मिनिटं जायची.

इलेक्ट्रिशियनने ओव्हरलोड रिले बदलला, मग मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर बदलला. मोटार मेगरने तपासली, ती ठणठणीत निघाली. दिवसा पंप कधीच थांबत नव्हता, त्यामुळे ठपका ठरलेला होता : रात्रीची पोरं डुलक्या घेतात, कुणाचा तरी हात बटणाला लागतो. परतूरकडचा आमचा ऑपरेटर, तेवीस वर्षांचा पोरगा, त्याला ताकीदपत्र मिळालं. त्या रात्री तो मला म्हणाला, "साहेब, मी पंपाजवळ नव्हतोच हो." मला माहीत होतं. मी त्याच्या शेजारी उभा होतो.

माझ्या लॉगशीटमध्ये तोवर काय होतं? "12 ते 1, व्हॅक्यूम पंप बंद, ऑपरेटर चूक." अर्धा-अर्धा तास गोळाबेरीज करून लिहायचं आणि कारणाच्या रकान्यात सापडेल ते भरायचं, अशी सवय लागलेली. डिसेंबरच्या सुरुवातीपासून मी दोन गोष्टी बदलल्या. भिंतीवरच्या घड्याळात पाहून मिनिटासकट वेळ लिहायची, आणि कारण न लिहिता डोळ्यांना काय दिसलं ते लिहायचं. "12:19. पंप थांबला. त्याआधी ट्यूबलाइट क्षणभर मंदावली. एक नंबरची लाइन चालू." ट्यूबलाइटचं हे वाक्य मी नुसतं दिसलं म्हणून लिहिलं होतं. मागे वळून पाहिलं तर ते सात वेळा आलेलं होतं.

परवा रात्री जेवणाच्या सुट्टीत दोन्ही महिन्यांची पानं टेबलावर पसरली. डिसेंबरात पंप थांबला तो सोमवार ते गुरुवारच्या रात्री. जानेवारीत शुक्रवार, शनिवार, रविवार. बाकीच्या रात्री कोऱ्या. देखभालीच्या रजिस्टरशी हे कधीच जुळलं नव्हतं, कारण ते बारानंतर पुढची तारीख टाकतात आणि मी पाळीची तारीख टाकतो. जुनी वही काढली. ऑगस्टमध्ये एकही थांबा नाही.

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, लाइट आली. हरभऱ्याला पाणी चालू केलंय, पाइप बदलायला वावरात चाललोय." आमचं गाव कारखान्यापासून नऊ किलोमीटरवर, सबस्टेशन एकच. मी पानाकडे बघतच राहिलो. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते, आणि ते वार बदलत राहतात. लहानपणापासून आमच्या घरात कॅलेंडरवर त्या वारांना खुणा असतात. माझ्या लॉगशीटवरच्या खुणा त्याच होत्या.

भावाकडे मोबाइल स्टार्टर आहे. लाइट आली की त्यातून फोनवर मेसेज येतो. मी त्याला म्हटलं, या महिन्यातल्या मेसेजच्या वेळा वाचून दाखव. तो अंधारात धुऱ्यावर उभा राहून वाचत होता, मी इकडे बोट फिरवत होतो. त्याचे 12:15, माझे 12:19. त्याचे 12:11, माझे 12:15. एका रात्री फीडर मध्येच ट्रिप होऊन परत आला होता : त्याचे 2:43, माझे 2:47. प्रत्येक ठिकाणी चार मिनिटांचा फरक. भिंतीवरचं घड्याळ मोबाइलशी लावून पाहिलं, ते बरोबर चार मिनिटं पुढे होतं. अंगावर काटा आला.

काल संध्याकाळी इलेक्ट्रिशियनला लवकर बोलावून घेतलं. त्याने पॅनेलमध्ये कमाल-किमान नोंदवणारा मीटर लावला. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. थंडीत मध्यरात्री विहिरीवर जावं लागू नये म्हणून जो तो स्टार्टरला ऑटो स्विच लावतो, म्हणजे फीडर चालू होताच शेकडो मोटारी एकाच क्षणी उठतात. दिवसा माणूस वावरात असतो, हाताने मोटार लावतो, ज्याची त्याची वेळ वेगळी. पावसाळ्यात पाण्याची गरजच नसते. आम्ही मीटरसमोर उभे होतो. 12:17 ला ट्यूबलाइट मंदावली, कॉन्टॅक्टर खाडकन सुटला आणि पंपाचा आवाज थांबला. मीटरवर नेहमीचे 410 व्होल्ट दोन-तीन सेकंदांसाठी 301 वर आले होते.

मग एक नंबरची लाइन का थांबत नाही? इलेक्ट्रिशियनने दोन्ही पॅनेल उघडले. कॉन्टॅक्टरला ओढून धरणाऱ्या कॉइलला 230 व्होल्ट देणाऱ्या कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे आत येणारी तार जोडायची जागा, एक नंबरला 415 वर होता आणि दोन नंबरला 440 वर. म्हणजे दोन नंबरच्या कॉइलला एरवीच 214 मिळत होते, आणि झटक्यात उरले 157. पाऊण हिश्श्याच्या खाली गेलं की कॉइल कधीही सुटू शकते. सुटलेला कॉन्टॅक्टर व्होल्टेज परत आलं तरी आपोआप लागत नाही, त्याला बटण लागतं. एक्सट्रूडरचा ड्राइव्ह एवढा झटका सोसून चालूच राहायचा, म्हणून कुठे फॉल्टची नोंदही नव्हती.

टॅप रात्रीच 415 वर घेतला. पण हिशेब केला तर तरीही 167 च येतात, म्हणजे काठावरच. म्हणून या पंपाचं कंट्रोल सर्किट छोट्या यूपीएसवर घ्यायचं ठरलं, आपत्कालीन बटण त्याच तारेत ठेवून. पंप टायमरने आपोआप परत लागेल असंही करता आलं असतं, पण ती जोडणी उद्या कुणी कटरलाही करेल आणि कुणाचं तरी बोट जाईल, म्हणून मी नको म्हटलं. खरोखर लाइट गेली तर लाइन थांबणारच, त्यावर यूपीएसचा इलाज नाही.

मॅनेजर साहेबांना सकाळी पानं आणि भावाचे मेसेज शेजारी ठेवून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग यूपीएसच्या मागणीवर सही केली. ताकीदपत्राचं मी लगेच विचारलं. "बघू," म्हणाले. बघू नाही चालणार. ते पत्र पोराच्या फाइलमधून निघेपर्यंत मी रोज सकाळी पाळी सुटली की त्यांच्या केबिनमध्ये जाणार आहे.