दुबईचा पगार, गावची एफडी

"दादा, पैसा तिकडंच डॉलरमधी राहू देऊ का इकडं पाठवू? इकडं तं व्याज जास्त भेटते न?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पोळ्याला दारव्ह्याकडे गावी आलो की दरवर्षी कोणी ना कोणी हे विचारतेच. आमचा पगार दिरहममध्ये, पण दिरहम 1997 पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला 3.6725, म्हणून मी डॉलरच्याच भाषेत बोलतो.

नुसतं व्याज पाहू नका. 2022 च्या जानेवारीत डॉलर 74 रुपयांच्या आसपास होता. समजा तेव्हा कोणी 10,000 डॉलर एनआरई एफडीत, म्हणजे बाहेर राहणाऱ्यांच्या इकडच्या रुपयातल्या एफडीत टाकले, त्याचे झाले 7 लाख 40 हजार, आणि 5 टक्क्यांनी वर्षाने त्याचे 7 लाख 77 हजार झाले. पण तोवर डॉलर 82 वर गेला होता, म्हणजे हेच पैसे परत डॉलर करायला गेलं तर साडेनऊ हजारही भरत नाहीत, आणि डॉलर तसेच पडून राहिले असते तर एक रुपया व्याज न घेता 8 लाख 20 हजार झाले असते! मात्र पुढच्या वर्षी डॉलर 82 वरून 83 वर, एवढाच हलला, तेव्हा रुपयाची एफडीच बरी पडली.

म्हणून मी दोन दर शेजारी ठेवतो. एक एनआरईचा, दुसरा एफसीएनआरचा, म्हणजे आपल्याच इकडच्या बँकेत पण डॉलरमध्येच ठेवलेली 1 ते 5 वर्षांची एफडी. समजा एनआरई 7 देते आणि एफसीएनआर साडेचार, तर रुपया वर्षाला साधारण अडीच टक्क्यांपेक्षा जास्त पडला की एनआरईचा फायदा गेला. 2014 च्या सुरुवातीला डॉलर 62 होता, 2024 ला 83, म्हणजे सरासरी वर्षाला तीन टक्के, पण ते सारखं नाही पडत, दोन वर्षं गप्प आणि मग एकदम झटका, त्यामुळे एका वर्षाचा अंदाज मी तरी लावत नाही.

मी एवढंच विचारतो, पैसा खर्च कुठं होणार? माझा चुलतभाऊ शारजात आहे, त्याला दीड-दोन वर्षांनी गावात घराचा स्लॅब टाकायचाय, सिमेंट, गिट्टी, मजुरी सगळं रुपयात, तर त्याला मी एनआरईच सांगितलं, कारण हातात किती येणार ते आजच कळते. फक्त वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य. पोराला बाहेर शिकवायचं असेल तर मात्र तो पैसा डॉलरमध्येच राहू द्या.

दोन्हींचं व्याज एनआरआय असेपर्यंत इकडे करमुक्त आहे (अमेरिकेत राहणाऱ्यांना तिकडे कर लागतो, ते वेगळं). कायमचे परत आलात की बँकेला कळवून एनआरई खातं साधं करून घ्यावं लागते, एफसीएनआर मात्र मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दराने चालू राहते.