पहिल्या दिवसाचा मेसेज

आज टीममध्ये नवी सहकारी रुजू झाली. तिच्यासाठी स्वागताचा मेसेज कालच लिहून ठेवला होता. सकाळी पाठवण्याआधी पुन्हा वाचला आणि ‘काहीही अडलं तर बिनधास्त विचार’ ही शेवटची ओळ काढून टाकली. हे मी मनापासूनच लिहिलं होतं. पण पहिल्या दिवशी माणसाला कुणाला विचारायचं, कुठे विचारायचं, किती वेळ स्वतः झगडून मग विचारायचं, यातलं काहीच माहीत नसतं, आणि माझी ओळ नेमकं ते सगळं त्याच्यावरच सोडून देत होती.

त्या जागी हे लिहिलं: ‘एखाद्या गोष्टीवर अर्धा तास गेला आणि ती पुढे सरकली नाही, तर टीमच्या ग्रुपवर विचार. काय करत होतीस, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं लिहिलंस तरी पुरे. लॉगिन किंवा परवानगी अडली असेल तर अर्धा तासही थांबू नकोस, ते तुझ्या हातात नाहीच. पगार किंवा रजेबद्दल विचारायचं असेल, किंवा कुणाशी बोलायला अवघड वाटत असेल, तर थेट मला लिही. रोज चार वाजता मी तुझ्याशी पंधरा मिनिटं बोलेन, तोवरचे बारीकसारीक प्रश्न साठवून ठेवलेस तरी चालेल.’

अर्धा तास का, तर मर्यादा सांगितली नाही की लोक दोन्ही टोकांना जातात. कुणी पाच मिनिटांत विचारतो आणि आपण त्रास दिला म्हणून ओशाळतो, तर कुणी सबंध दिवस एका सेटिंगपायी घालवतो. वेळ मी ठरवून दिली की तिला स्वतःचा अंदाज लावावा लागत नाही. ग्रुपवर विचारायला सांगण्यामागे दुसरं कारण आहे. खासगीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एकालाच मिळतं आणि पुढचा नवा माणूस पुन्हा तिथेच अडतो. पण पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर आपलं अज्ञान मांडायला धीर लागतो, नुसतं सांगून तो येत नाही. म्हणून सकाळीच मी ग्रुपवर माझा एक खराखुरा प्रश्न टाकला, मला न कळलेल्या एका जुन्या कोडबद्दलचा. टीममधल्या सर्वांत अनुभवी सहकाऱ्याने त्याचं सविस्तर उत्तर दिलं, आणि इथे असं विचारलेलं चालतं हे तिला पाहायला मिळालं.

संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९९ साली एका कारखानदार कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. जिथे प्रश्न विचारला, चूक बोलून दाखवली तरी कुणी कमी लेखणार नाही असा विश्वास होता, तिथे लोक जास्त विचारत होते, जास्त शिकत होते. असा विश्वास लिहून जाहीर करता येत नाही, हे मला त्यातून फार पटलं. पहिल्या प्रश्नाचं काय होतं, यावर तो ठरतो.

दुपारपर्यंत ती गप्प होती. सगळं सुरळीत चाललं म्हणूनही माणूस गप्प असतो आणि पुरता अडकला म्हणूनही. ‘सगळं ठीक ना?’ असं विचारलं की दोन्ही वेळा ‘हो’च येतं. म्हणून विचारलं, ‘प्रोजेक्ट सुरू करायच्या सूचनांमधल्या कितव्या पायरीवर आहेस?’ ती डेटाबेसच्या पायरीवर होती आणि तिथला पासवर्ड तिला मिळालेलाच नव्हता. तो तिला पासवर्डच्या तिजोरीतून लगेच देऊन टाकला. (पासवर्ड ग्रुपवर कधीच टाकायचा नाही, हेही मेसेजमध्ये यायला हवं.)

चारच्या आधी तिचा पहिला प्रश्न ग्रुपवर आला: ‘पहाटे दोनला आलेली ऑर्डर अहवालात आदल्या दिवशी का दिसते? की मी चुकीचं वाचतेय?’ चुकीचं काहीच वाचलं नव्हतं तिने. आमचा सर्व्हर वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत ठेवतो. आमचं घड्याळ यूटीसीच्या काही तास पुढे आहे, त्यामुळे आमची पहाट तिथे अजून आदल्या दिवसाची रात्र असते. अहवाल त्याच तारखेने बेरीज करतो. टीममधल्या जुन्या माणसांना हे इतकं अंगवळणी पडलंय की ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या सहकाऱ्याने आधी लिहिलं, ‘हे असंच आहे.’ मी त्याला कारणही लिहायला सांगितलं, कारण नुसतं ‘असंच आहे’ वाचून माणूस पुढचा प्रश्न गिळतो. त्याने एका ऑर्डरची वेळ घेऊन दोन्ही घड्याळांतली नोंद शेजारी शेजारी मांडून दाखवली. मग मी तिलाच विचारलं, ‘हे सूचनांच्या पानावर तुझ्या शब्दांत लिहिशील का?’ नव्याने येणाऱ्याला नेमकं कुठे अडतं ते आज तिला आमच्यापेक्षा चांगलं दिसतंय. महिन्याभरात तिलाही ते अंगवळणी पडेल, म्हणून हे आत्ताच करायला हवं. तिने चार ओळी लिहिल्या आणि खाली एक नवा प्रश्न जोडला: महिन्याअखेरच्या बेरजेतही हाच फरक पडतो का? पडतो. पण किती, ते आमच्यापैकी कुणीच आजवर मोजलेलं नाही. उद्या सकाळी आम्ही दोघं बसून ते काढणार आहोत.