पगार वाढला आणि स्लिपवर कमी दिसला

आमच्या कंपनीत पगारवाढ एप्रिलमध्ये होते, पण पत्र येता येता पावसाळा उजाडतो. २०२५ मध्ये माझं पत्र ऑगस्टमध्ये हातात पडलं आणि त्यावर 'दिनांक १२ ऑगस्टपासून लागू' असं लिहिलेलं होतं. एक तारीख का नाही, हे मी विचारलं नाही. वाढ मिळाली हेच पुष्कळ होतं. मी हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या डिस्पॅचला आहे. जुना पगार १८,६००, नवा २१,७००. वाढलेले ३,१०० सगळे बेसिकमध्ये गेले, म्हणजे बेसिक १२,४०० वरून १५,५०० झालं आणि घरभाडे भत्ता ६,२०० वर तसाच राहिला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑगस्टची स्लिप आली. त्यावर एकूण पगार होता १६,५००. राखीच्या दिवशी, ९ ऑगस्टला, मी एक बिनपगारी रजा घेतली होती, रजा शिल्लकच नव्हती. पण एक दिवस कापून जुन्या पगारातही एकूण १८,००० तर यायलाच हवे होते. मधेच पगार वाढला असेल तर त्या महिन्याचा आकडा जुन्या आणि नव्या पगाराच्या मधे कुठेतरी पडतो. रजा असेल तर दोन्ही टोकं रजेपुरती खाली सरकतात, एवढंच. तो जुन्याच्याही खाली गेला, तर कुठेतरी दिवस गळालेत हे उघड आहे. दर चुकला असता तरी एवढा खड्डा पडला नसता.

किती दिवस गळाले हे कळायला आधी बरोबर आकडा काढावा लागतो. ऑगस्टचे दिवस ३१, आणि आमच्याकडे रोजचा दर काढायला महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी भागतात. जुना दर ६०० रुपये, नवा ७००. १ ते ११ तारखेपर्यंत ११ दिवस, त्यातला ९ तारखेचा गेला, राहिले १०. पुढे १२ ते ३१. इथे बरेच जण ३१ मधून १२ वजा करून १९ म्हणतात आणि एक दिवस गमावतात. १२ तारीख स्वतः नव्या दरात आहे, म्हणून ते २० दिवस होतात. खात्री हवी असेल तर दोन्ही भागांची बेरीज महिन्याच्या दिवसांइतकी येते का ते बघायचं: ११ आणि २०, ३१. मग १० दिवसांचे ६,००० आणि २० दिवसांचे १४,०००, मिळून २०,०००. एक्सेलमध्ये एवढंच:

```
=ROUND((18600*10+21700*20)/31,0)
```

स्लिपवर १६,५००, हिशेबात २०,०००. फरक ३,५००. याला ७०० ने भागलं की बरोबर ५ येतात, आणि ६०० ने भागलं तर अपूर्णांक येतो. म्हणजे गळालेले दिवस नव्या दरातले, १२ तारखेनंतरचे. मग मी कॅलेंडर काढलं. १७, २४ आणि ३१ हे तीन रविवार, १५ ऑगस्टची सुट्टी आणि २७ तारखेची गणेश चतुर्थीची सुट्टी. मोजून पाच.

हा कागद घेऊन मी अकाउंटला गेले. तिथले भाऊ आधी म्हणाले, "ताई, सिस्टीमनं काढलं आहे जी, सिस्टीम कशी चुकेल?" मी म्हटलं, "भाऊ, माझ्या नावासमोरचे हजेरीचे रकाने तेवढे दाखवा." दाखवले. मधेच पगार बदलल्यामुळे माझ्या नावाच्या दोन ओळी झाल्या होत्या. पहिल्या ओळीत हजर ८, साप्ताहिक सुट्टी २, पगारी सुट्टी ०, एकूण १०. दुसऱ्या ओळीत हजर १५, आणि पुढचे दोन्ही रकाने रिकामे. नवी ओळ तयार करताना पंचिंग मशीनची हजेरी आपोआप आली, पण रविवार आणि सुट्ट्या हाताने भरायच्या असतात, त्या राहून गेल्या. आता पंधरा दिवसांना ३१ ने भागलेला दर लावला की रविवारचे पैसे जाणारच, कारण ३१ ने भागतानाच रविवार हिशेबात धरलेला असतो.

भाऊंनी ते तिथल्या तिथे मान्य केलं. अडलं ते रजेवर. त्यांचं म्हणणं, महिन्याच्या शेवटी चालू पगार ७०० चा, तर रजेचे ७०० कापायचे. मी म्हटलं, "९ तारखेला मी आले असते तर तुम्ही मला ६०० दिले असते की ७००?" त्यांनी डोकं खाजवलं आणि हसले. न आलेल्या दिवसाला तोच दर लागतो जो त्या दिवशी आलेल्याला मिळाला असता. शंभराचाच प्रश्न होता, पण महिनाअखेरच्या दराने कापायची सवय लागली की ज्याच्या चार-पाच रजा असतात त्याला ते चांगलंच लागतं.

या निमित्तानं भाजकाचाही विषय निघाला. माझी मावसबहीण बुटीबोरीला आहे, तिच्याकडे महिना कोणताही असो, ३० नेच भागतात. त्यात वाईट काही नाही, पण तारीख मधे आली की तिथे गडबड होते. माझाच पगार रजा न धरता त्या पद्धतीनं केला तर ११ दिवस ६२० ने आणि २० दिवस ७२३.३३ ने, मिळून सुमारे २१,२८७ होतात, जेव्हा ३१ च्या हिशेबात ते २०,६०० आहेत. कारण ३० ने भागून ३१ दिवसांचे पैसे दिले. फेब्रुवारीत याच्या उलट होईल. २६ ने भागणाऱ्यांनी रविवार दोन्ही भागांतून वगळायचे असतात. ऑगस्टमध्ये तसे ९ आणि १७ दिवस पडतात, बेरीज २६, तेव्हा तेही बसतं. भाजक कोणता हे कंपनीनं ठरवावं, पण दिवस मोजायची रीत त्याच भाजकाची हवी. हे तपासायला मी भाऊंना एक गंमत करून दाखवली: जुन्या आणि नव्या दोन्ही जागी १८,६०० टाका, रजा शून्य करा. उत्तर १८,६०० च आलं पाहिजे. ३० च्या पद्धतीत ते १९,२२० येतं, म्हणजे पगार न वाढताच वाढला. अशा वेळी दुसऱ्या भागाचे दिवस ३० मधून ११ वजा करून १९ धरतात, मग जमतं.

कापाकापीकडे मी खरं तर त्यानंतर पाहिलं, आणि मला जास्त काळजीचं तेच वाटलं. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, फक्त ४५ रुपये कापले होते. ४५ म्हणजे ६,००० चे पाऊण टक्का. पहिल्या ओळीवर कापले, दुसऱ्या ओळीवर शून्य. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "तुमचा पगार एकवीस हजारांच्या वर गेला ना, आता तुम्ही ईएसआयमधून बाहेर." मर्यादा २१,००० ची आहे हे बरोबर, पण मधेच ओलांडली म्हणून माणूस त्याच दिवशी बाहेर पडत नाही. वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो. त्या काळाच्या सुरुवातीला तुम्ही आत असाल तर काळ संपेपर्यंत आतच राहता आणि वर्गणीही पूर्ण पगारावर जाते, २१,००० वर थांबवत नाहीत. माझ्या बाबतीत ऑगस्ट आणि सप्टेंबर दोन्ही महिने पूर्ण कापायचे. ऑगस्टचे २०,००० चे पाऊण टक्का, १५० रुपये. कंपनीचा सव्वातीन टक्के हिस्सा वेगळा.

शंभर रुपये जास्त कापा म्हणून भांडणारी मी पहिलीच असेन. पण आई माझ्या कार्डावर आहे, तिला सोमवारीपेठच्या कामगार विमा रुग्णालयात दाखवतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभकाळ ठरतो. ऑगस्टच्या नोंदीत निम्म्याहून जास्त पगार गायब असता तर नंतर कागदपत्रं घेऊन मलाच फिरावं लागलं असतं.

पीएफचं गणित त्यामानानं सरळ आहे. दोन्ही ओळींच्या बेसिकची आधी बेरीज करायची आणि मग १२ टक्के काढायचे. १० दिवस ४०० ने आणि २० दिवस ५०० ने, बेसिक १४,०००, पीएफ १,६८०. आमच्याकडे पीएफ १५,००० च्या मर्यादेपर्यंतच कापतात. नवं बेसिक १५,५०० म्हणून थेट १,८०० कापायचे नाहीत, कारण त्या महिन्यात मिळालेलं बेसिक मर्यादेच्या आतच आहे. चुकीच्या स्लिपवर ११,५०० च्या बेसिकवर १,३८० कापले होते. प्रोफेशनल टॅक्स मला नव्हताच, महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंत तो लागत नाही. पुरुष सहकाऱ्यांचे मात्र २०० जातात, आणि ते दोन दरांत वाटायचे नसतात, महिन्याला एकदाच.

घाई १५ तारखेची होती. ऑगस्टची पीएफ आणि ईएसआयची वर्गणी १५ सप्टेंबरपर्यंत भरायची असते. त्याआधी दुरुस्ती झाली तर बरोबर आकडेच जातात, नंतर झाली की सुधारित भरणा करत बसा. भाऊंना हे सांगावं लागलं नाही. त्यांनी दुसऱ्या ओळीत ३ आणि २ भरले, ईएसआयची खूण परत लावली आणि नवी स्लिप काढली: एकूण २०,०००, पीएफ १,६८०, ईएसआय १५०, हातात १८,१७०. आधी १५,०७५ जमा झाले होते, म्हणून ३,०९५ वेगळे आले. आई म्हणाली, "साडेतीन हजार सांगत होतीस ना?" पीएफचे ३०० आणि ईएसआयचे १०५ त्यातून गेले, हे तिला समजावून सांगितलं.

सप्टेंबरच्या स्लिपवर एकच ओळ आली: २१,७००, पीएफ १,८००, ईएसआय १६३. पाऊण टक्का खरं तर १६२ रुपये ७५ पैसे होतो, पण तिथे पुढचा पूर्ण रुपया धरतात. दरम्यान पॅकिंगमधल्या एकाचं पत्र १८ तारखेपासून लागू असं आलं. त्याची स्लिप निघायच्या आधीच भाऊंनी मला हाक मारली, "ताई, रविवार भरले बरं का जी, एकदा बेरीज पाहून घ्या." सप्टेंबरचे दिवस ३०. आधीचे १७ आणि नंतरचे १३. बरोबर होतं.