७५ की ११०? एका रायझरपायी गेलेले नऊ दिवस

घाटंजीकडच्या एका मुलींच्या वसतिगृहाचं प्लंबिंग माझ्याकडे होतं. तळमजला आणि वर एक मजला. सेंट्रिंग झालं, सळई बांधून झाली. स्लॅब पडायच्या आधी पाइपांच्या जागी स्लीव्ह, म्हणजे पाइप जाण्यापुरती नळकांडी सोडायची, एवढंच माझं काम. तिथेच नऊ दिवस अडकलो. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

त्याच्या आदल्या रात्री मी आयसोमेट्रिक, म्हणजे पाइपांचं तिरकं काढलेलं ड्रॉइंग, उघडून वरच्या प्रत्येक कमोडवरून बोट फिरवत खाली आलो. उभी रेघ म्हणजे उभा पाइप, तिरकी म्हणजे आडवा. तीन कमोड एस-३ या मैल्याच्या रायझरला, म्हणजे उभ्या पाइपला, जोडलेले. रायझर शेड्यूलमध्ये, म्हणजे रायझरच्या मापांच्या तक्त्यात, एस-३ पुढे मात्र ७५ मिमी! शेजारच्या सांडपाण्याच्या डब्ल्यू-३ ला फक्त बेसिन आणि नहाणी ट्रॅप, त्याला ११०. कमोडची लाइन ११० ची असते. मैल्याचा पाइप पुढे लहान केला तर तिथेच तुंबणार.

ऑफिसला फोन केला. उत्तर आलं, "शेड्यूलमध्ये आहे तसं करा." दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर, मग मीटिंग. मुकादम म्हणे, "भाऊ, दोन्ही ११० टाका ना, कायले थांबता?"

पण प्रश्न नुसत्या मापाचा नव्हता. आकडे उलटले होते की नावं, हे कळत नव्हतं. डब्ल्यूचं पाणी खाली गली ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवणाऱ्या सापळ्यात जातं, एसचा मैला थेट चेंबरला. नावं उलटली असतील तर प्लॅनवरच्या जागाही उलट्या, आणि मैला गली ट्रॅपमध्ये. दोन्ही ११० टाकून ती चूक सुटली नसती, आणि स्लॅब पडल्यावर जागा बदलायची म्हणजे कोअर मारून स्लॅबला भोक पाडायचं, सळई कापायची. म्हणून मी थांबलो. शेड्यूलचा आणि आयसोमेट्रिकचा फोटो शेजारी ठेवून, दोन्हीकडे लाल गोल करून पाठवला आणि लेखी उत्तर मागितलं.

नवव्या दिवशी सुधारित शीट आली. फक्त आकडे उलटले होते: एस-३ ११०, डब्ल्यू-३ ७५. जागा त्याच. स्लीव्ह बसवले, दुसऱ्या दिवशी स्लॅब पडला. खूप बरं वाटलं.

हो, शीट हातात आली की आधी कोपऱ्यातला रिव्हिजन नंबर पाहा. आमच्या साइटवर जुनी शीट फिरतच होती. आयसोमेट्रिकवर पट्टी लावून लांबी मोजू नका, ते सहसा स्केलला नसतं; आडवी लांबी प्लॅनवरून, उंची लेव्हलवरून घ्या. चिन्हांची यादी त्याच शीटवर असते, तीच वाचा. ठिपका असलेलं वर्तुळ म्हणजे बहुतेक वेळा वर जाणारा पाइप, पण प्रत्येक ऑफिसची यादी थोडी वेगळी असते. आणि शेड्यूलमधल्या प्रत्येक रायझरपुढे आपल्या हातानं लिहा, किती कमोड, किती बेसिन. ही चूक मला त्या मोजणीतच सापडली.