आरआरजीचा तक्ता स्वतः बनवताना मोमेंटमच्या कॉलमने घातलेला घोळ

कोणता सेक्टर पुढे निघालाय आणि कोणाचा दम संपत चाललाय, हे एका चित्रात दाखवणारा रिलेटिव्ह रोटेशन ग्राफ, म्हणजे आरआरजी, मला स्वतःच्या तक्त्यात हवा होता. तयार चित्र बऱ्याच ठिकाणी दिसतं. पण एखाद्या सेक्टरचा ठिपका जिथे आहे तिथे का आहे, हे आकड्यांत बघता आल्याशिवाय मी त्यावर पैसे लावणार नव्हतो. डेटा मिळाला, तक्ता झाला, चित्रही उमटलं. त्यानंतर जिथे अडकलो, त्याची चीड अजून गेलेली नाही, म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

आधी चित्र थोडक्यात. ही पद्धत ज्युलियस द केम्पनार या डच विश्लेषकाची. 2011 च्या जानेवारीत ती ब्लूमबर्गच्या टर्मिनलवर आली आणि तिथून जगभर पसरली. आडव्या अक्षावर आरएस-रेशो, म्हणजे सेक्टर बाजाराच्या तुलनेत बळकट आहे की दुबळा. उभ्या अक्षावर आरएस-मोमेंटम, म्हणजे ते बळ वाढतंय की घटतंय. दोन्हींचा मध्य 100. उजवीकडे वर लीडिंग, उजवीकडे खाली वीकनिंग, डावीकडे खाली लॅगिंग आणि डावीकडे वर इम्प्रूव्हिंग. ठिपके साधारणपणे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात.

ते तसे का फिरतात, हे नीट समजून घ्या, कारण माझी पुढची सगळी लढाई त्यावरच झाली. मोमेंटम हा रेशोच्याच बदलाचा वेग आहे. तो 100 च्या वर असेल तर रेशो वाढत असला पाहिजे, म्हणजे ठिपका उजवीकडे सरकला पाहिजे. 100 च्या खाली असेल तर डावीकडे. वरच्या अर्ध्यात उजवीकडे आणि खालच्या अर्ध्यात डावीकडे, असं झालं की फेरी आपोआप घड्याळाप्रमाणे पडते. यात बाजाराची कुठलीही गूढ शक्ती नाही, नुसतं गणित आहे.

माझ्या तक्त्यात मात्र निफ्टी आयटीचा ठिपका वरच्या अर्ध्यात बसून आठवड्यामागून आठवडा डावीकडे सरकत होता. इम्प्रूव्हिंग म्हणायचं आणि रेशो घसरत राहायचा!

मूळ पद्धतीचं नेमकं सूत्र खुलं नाही. त्यामुळे लोक एक अंदाजी सूत्र वापरतात आणि तेच सगळीकडे फिरतं. B मध्ये सेक्टर निर्देशांकाचा आठवड्याचा बंद भाव, C मध्ये निफ्टी 50 चा, आणि पुढे हे:

```
D2:  =100*B2/C2
E15: =100+(D15-AVERAGE(D2:D15))/STDEV(D2:D15)
F16: =100*(E16/E15-1)
G29: =100+(F29-AVERAGE(F16:F29))/STDEV(F16:F29)
```

D म्हणजे साधं सापेक्ष बळ, E म्हणजे रेशो, F हा रेशोचा आठवड्याचा बदल आणि G मोमेंटम. दिसायला अगदी सुबक. मी डेटा पुन्हा उतरवला, तारखा एकेक करून जुळवल्या, सुट्ट्यांचे आठवडे तपासले. ज्या क्लासच्या फाइलमधून हे सूत्र माझ्याकडे आलं होतं, तिथे विचारलं तर उत्तर मिळालं, "सर, मार्केटमध्ये असं होतंच, ठिपका नेहमी गोल फिरेल असं नाही." हे उत्तर मला आजही झोंबतं. मोमेंटम वर आणि रेशो घसरता, हे मार्केटमुळे होऊच शकत नाही. ते झालं तर सूत्रातच काहीतरी बिनसलेलं असतं.

बिनसलं होतं ते G मध्ये. तिथे रेशोच्या बदलातून त्याच बदलाची 14 आठवड्यांची सरासरी वजा होते. समजा, एका सेक्टरचा रेशो गेले 14 आठवडे सरासरी 0.15 ने घसरतोय आणि या आठवड्यात 0.05 ने घसरला. म्हणजे घसरण चालूच आहे, फक्त मंदावली आहे. पण उणे 0.05 मधून उणे 0.15 वजा केलं की उत्तर येतं अधिक 0.10, आणि मोमेंटम 100 च्या वर जातो. ठिपका इम्प्रूव्हिंगमध्ये दिसतो आणि पुढच्या आठवड्यात निमूटपणे आणखी डावीकडे जातो. उलट बाजूला, चांगला चढणारा सेक्टर जरा कमी वेगाने चढला की लगेच वीकनिंगमध्ये टाकला जातो. सरासरी वजा केली की 100 ची रेघ "बदल शून्य" ही खूण उरत नाही, ती "नेहमीइतका बदल" एवढीच सांगते. अख्खं चित्र ज्या रेघेवर उभं आहे, तीच सरकलेली.

हे सापडलं त्या रात्री मला खरंच फार बरं वाटलं. इतके दिवस आपण बाजाराला बोल लावत होतो आणि दोष एका कंसातल्या वजाबाकीत होता!

दुरुस्ती छोटी आहे. सरासरी वजा करायचीच नाही, फक्त चढउतारांच्या मापाने भागायचं. एका आठवड्याचा बदल फार उड्या मारतो, म्हणून मी चार आठवड्यांचा घेतो, आणि मापासाठी 52 आठवडे:

```
F19: =E19-E15
G70: =100+F70/STDEV(F19:F70)
```

यामुळे पहिला ठिपका उमटायलाच 69 आठवड्यांचा डेटा लागतो आणि शेपटीसाठी, म्हणजे मागच्या काही आठवड्यांच्या ठिपक्यांच्या माळेसाठी, त्याहून थोडा जास्त, तेव्हा सुरुवातीलाच दोन वर्षांचा उतरवून ठेवा. तपासणी मात्र आता सोपी आहे. ठिपका 100 च्या वर असेल तर आजचा रेशो चार आठवड्यांपूर्वीच्या रेशोपेक्षा जास्त असलाच पाहिजे, आणि खाली असेल तर कमी. शेपटीवर चार ठिपके मागे जा आणि बघा. कोणाचीही तयार फाइल हाती आली की मी आधी हीच परीक्षा घेतो. एका आठवड्याचा बदल वापरला असेल तर एकच ठिपका मागे जायचं. बदलावर आणखी गुळगुळीतपणा चढवला असेल तर वळणापाशी एखादा ठिपका इकडेतिकडे होऊ शकतो, पण सलग कित्येक आठवडे उलटी चाल दिसली तर ती फाइल बंद करा.

मोमेंटम सुधारल्यावरही एक गोष्ट उरते, आणि ती E च्या स्वभावात आहे. D च्या कॉलममध्ये 200, 199, 198 असे दर आठवड्याला एकाने घसरणारे आकडे भरून बघा. E 98.45 वर येऊन थांबतो आणि तिथून हलतच नाही. सेक्टर दर आठवड्याला बाजारापेक्षा मागे पडतोय, पण रेशो स्थिर! म्हणजे हा रेशो सापेक्ष बळाची पातळी सांगत नाही. आजचं बळ गेल्या 14 आठवड्यांच्या मानाने कुठे आहे, तेवढंच तो सांगतो. घसरण थांबली की सरासरी खाली येत येत आजच्या आकड्याजवळ पोचते आणि सेक्टरने काहीही न कमावता ठिपका उजवीकडे चालू लागतो.

आयटीचं 2022 साल याचं चोख उदाहरण आहे. 2021 च्या अखेरीस निफ्टी आयटी सुमारे 38,700 होता आणि निफ्टी 50 सुमारे 17,350. भागाकार करून शंभराने गुणलं तर 223. सप्टेंबर 2022 च्या अखेरीस आयटी 27,000 च्या आसपास आणि निफ्टी 17,100 च्या, म्हणजे 158. डिसेंबर अखेर आयटी सुमारे 28,600, निफ्टी सुमारे 18,100, पुन्हा 158. म्हणजे शेवटच्या तिमाहीत आयटी बाजाराच्या पुढेही गेला नाही आणि मागेही पडला नाही. तरी सरासरी खाली येत असल्याने ठिपका लॅगिंगमधून उठून इम्प्रूव्हिंगकडे निघाला. नऊ महिन्यांची पडझड थांबली, एवढीच खरी बातमी त्यात होती.

बातमी खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. पुढे फेब्रुवारी 2023 मध्ये सापेक्ष बळ खरोखर वाढलं. पण ते मार्चमध्येच ओसरू लागलं, आणि 17 एप्रिलला, निकालांनंतरच्या पहिल्या सत्रात, इन्फोसिसचा शेअर एका दिवसात नऊ टक्क्यांहून जास्त पडून बंद झाला. म्हणून इम्प्रूव्हिंग दिसलं की मी तिथे थांबतो आणि D चा साधा आलेख उघडतो. D तेरा आठवड्यांपूर्वीपेक्षा वर असेल तरच पुढचा विचार करतो. डिसेंबर 2022 च्या अखेरीस D त्या पातळीच्या ठळकपणे वर नव्हता, आकडा जवळपास जिथल्या तिथेच होता.

तुलनेच्या निर्देशांकाबद्दल आधीच बोलायला हवं होतं. निफ्टी 50 मध्ये बँका आणि वित्तीय कंपन्यांचं वजन एक तृतीयांशाच्या आसपास असतं. त्यामुळे बँक निफ्टीची तुलना बऱ्याच अंशी स्वतःशीच होते आणि त्यांच्यातला फरक आकसतो. शिवाय बँका जोरात पळाल्या की बाकी सगळे सेक्टर एकदम डावीकडे ढकलले जातात, त्यांचं स्वतःचं काही बिघडलेलं नसताना. मी आता निफ्टी 500 घेतो. बँकांचं वजन त्यातही मोठंच आहे, पण थोडं कमी, आणि मिडकॅपमधली हालचालही हिशेबात येते.

आणि हे सगळं सापेक्ष आहे, हे दर वेळी स्वतःला बजावावं लागतं. निफ्टी 20,000 वरून 19,000 वर आला आणि एफएमसीजी 50,000 वरून 49,000 वर, तर D 250 वरून जवळपास 258 होतो. ठिपका लीडिंगकडे जातो आणि तुमचे दोन टक्के गेलेले असतात. माझ्या धाकट्या भावाने मंदीत असाच एक लीडिंग सेक्टर बघून विचारलं होतं, "दादा, पुढे आहे ना, मग माझा फंड खाली का?" तेव्हापासून मी चित्राच्या शेजारी निफ्टीचा स्वतःचा आलेख आणि त्याची 40 आठवड्यांची सरासरी ठेवतो. निफ्टी त्या सरासरीच्या खाली असेल तर लीडिंगमधला सेक्टरही नव्याने घेत नाही.

डेटाचं एक राहिलं. शुक्रवारी सुट्टी असेल तर त्या आठवड्यातल्या शेवटच्या व्यवहाराच्या दिवसाचा बंद भाव घ्या, आणि सेक्टर व तुलनेचा निर्देशांक या दोघांनाही तोच दिवस लावा. एका बाजूला लाभांश धरलेला टोटल रिटर्न निर्देशांक आणि दुसऱ्या बाजूला नुसता भावाचा, अशी सरमिसळ झाली तर D दर आठवड्याला किंचित सरकत राहतो आणि ते चित्रात सहज ओळखूही येत नाही. दोन्ही एकाच प्रकारचे घ्या. शनिवारी सकाळी आकडे भरायचे आणि आठ आठवड्यांची शेपूट काढायची. मधल्या वारी तक्ता उघडू नका, कारण अर्ध्या आठवड्याचा ठिपका शुक्रवारपर्यंत जागा बदलतो आणि त्याच्यावर घेतलेले निर्णय फिरवावे लागतात.