करंगळीजवळची चीर

भंडारा जिल्ह्यात पाऊस लागून राहिला की बांध्यांमध्ये रोवणी सुरू होते. त्याच दिवसांत आमच्या ओपीडीत पायाच्या तापाचे पेशंट वाढतात. हुडहुडी भरून एकाएकी ताप चढतो, जांघेत दुखरी गाठ येते आणि आधीच सुजलेला पाय लालबुंद होऊन तव्यासारखा तापतो. मी इथे सिस्टर म्हणून काम करते आणि हत्तीपायाचे पेशंट बहुतेक माझ्याकडेच येतात.

त्या दिवशी एक मावशी सुनेच्या खांद्यावर हात टाकून आत आल्या. वय पन्नाशीचं. डावा पाय गुडघ्याखाली उजव्याच्या जवळजवळ दुप्पट. घोट्यासमोर कातडीची एक जाड वळी लोंबत होती आणि नडगीवरची कातडी राखाडी, खरखरीत, बारीक बारीक गाठींनी भरलेली. अंगात १०३ ताप. तशातही त्यांचं एकच म्हणणं होतं, "बाई, सुई द्या, हत्तीरोगाच्या गोळ्या द्या अन् पट्टी कसून बांधा. उद्या रोवणीले जायचं हाय."

या तीनही मागण्यांमागे वर्षानुवर्षांचा अनुभव होता. दर पावसाळ्यात असे तीन-चार झटके यायचे. गावाजवळचा डॉक्टर प्रत्येक वेळी इंजेक्शन आणि डीईसी या हत्तीरोगाच्या गोळ्यांचा कोर्स द्यायचा. ताप चारपाच दिवसांत उतरायचा. पाय मात्र आधीपेक्षा थोडा जाड होऊन राहायचा.

पाय टबाजवळ घेऊन मी आधी बोटं बघितली. दुसऱ्या बोटाच्या बुडाशी कातडी चिमटीत धरून पाहिली तर ती उचललीच जाईना. लसिकेची, म्हणजे कातडीखाली साचलेल्या पाण्याची, सूज जुनी होऊन कातडी घट्ट झाली की असंच होतं. मग एकेक बेचकं उघडत गेले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सुजून एकमेकांवर इतके दाबले गेले होते की मधे काय चाललंय ते मावशींना कधी दिसलंच नव्हतं. हलकेच फाकवलं तेव्हा आत कातडी पांढरीफटक, भिजून फुगलेली, आणि तळाशी तांदळाच्या दाण्याएवढी ओली लाल चीर. वासही तिथूनच येत होता.

मी सुनेला वाकून बघायला सांगितलं. तिने बघितलं आणि म्हणाली, "एवढुशी?"

हो, एवढीशीच. मावशींच्या पायात कधीकाळी डासांमार्फत हत्तीरोगाचे जंत शिरले. क्युलेक्स जातीचा हा डास घाण साचलेल्या पाण्यात वाढतो. त्या धाग्यासारख्या जंतांनी लसिकावाहिन्यांमध्ये ठाण मांडून त्या फुगवल्या, निकामी केल्या. पण जंत काही जन्मभर जगत नाहीत. इतक्या जुन्या पायात ते बहुतेक मरून गेलेले असतात, मागे उरतात त्या नादुरुस्त वाहिन्या. पायातलं लसिकेचं पाणी वर सरकत नाही, साचून राहतं. बोटांमधल्या बुरशीने चीर पडली की तिथून साधे कातडीवरचे जिवाणू आत शिरतात आणि त्या साचलेल्या पाण्यात भराभर वाढतात. ताप येतो तो त्यांचा. प्रत्येक झटक्यात उरल्यासुरल्या वाहिन्याही खराब होतात, म्हणून ताप उतरला तरी सूज पूर्वीच्या जागी परतत नाही. डीईसीने रक्तातली पिल्लं मरतात, काही मोठे जंतही मरतात. मोहिमेत घरोघरी गोळ्या देतात त्या यासाठीच, आणि त्या घ्यायलाच हव्यात. पण जाड झालेला पाय त्या गोळ्यांनी बारीक होत नाही आणि जिवाणूंचा ताप त्या उतरवत नाहीत.

त्या दिवशी डॉक्टरांनी अँटिबायोटिक आणि पॅरासिटामॉल सुरू केलं, साखर तपासली, मावशींना वॉर्डात ठेवून घेतलं. पाय उशांवर उंच ठेवला, गार पाण्याच्या घड्या ठेवल्या. पट्टी बांधायला मी साफ नकार दिला. लाल, तापलेल्या, दुखऱ्या पायावर पट्टी आवळली की दुखणं वाढतं आणि संसर्गाचं काय चाललंय तेही झाकलं जातं. यावर मावशी रागावल्या. पट्टीसाठीच तर एवढ्या लांब आलो, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, पट्टी बांधू, नक्की बांधू, पण आधी ती चीर मिटू द्या.

ताप आणि दुखणं ओसरल्यावर मी सुनेला समोर बसवून पाय धुवायला शिकवलं. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळं त्यातच आहे. पाणी साधं, गरम नको. अंगाचा साधा साबण हातावर घेऊन फेस करायचा आणि गुडघ्यापासून खाली यायचं, हाताने, न घासता. घोट्याजवळची वळी उचलून तिच्या आतून बोट फिरवायचं. बेचक्यांत बोट जात नव्हतं, म्हणून गॉझची चिंधी साबणात भिजवून एका बाजूने घातली आणि दुसऱ्या बाजूने अलगद ओढून घेतली. मग निथळतं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत पाय धुवायचा. साबण राहिला तर कातडी आणखी फुटते.

आणि मग कोरडं करणं. लोक धुतात, पण इथे कमी पडतात. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घेऊन टिपत जायचं, चोळायचं नाही. वळीत आणि प्रत्येक बेचक्यात कोरड्या गॉझची नवी पट्टी घालायची, ती ओली निघाली तर दुसरी, शेवटची पट्टी कोरडी निघेपर्यंत. सुनेची तिसरी पट्टी कोरडी निघाली. मगच क्लोट्रिमॅझोलचं मलम, अगदी पातळ, सकाळ-संध्याकाळ. बाकीच्या कोरड्या जाड कातडीला व्हॅसलीन, पण बेचक्यांत नाही, तिथे ओल टिकते. नडगीवरच्या खडबडीत थरासाठी डॉक्टरांनी सॅलिसिलिक ॲसिडचं मलम दिलं, तेही कातडी अखंड असेल तिथेच.

बोलता बोलता कळलं की मावशी रोज आंघोळीला तो खरखरीत थर वजरीने घासायच्या, कधीकधी रक्त येईपर्यंत. थर गेला तर पाय हलका होईल, असं त्यांना वाटायचं. म्हणजे चीर एक नव्हती. करंगळीजवळची कायमची आणि नडगीवरच्या रोज नव्या. मी वजरी टाकून द्यायला सांगितलं. मावशींनी सुनेकडे बघितलं, सून म्हणाली, "टाकतोच मी."

काही आठवड्यांनी त्या परत आल्या तेव्हा बेचक्यातली कातडी गुलाबी, कोरडी झाली होती. वास गेला होता. आता पट्टीचा दिवस.

त्याआधी डॉक्टरांनी हृदय तपासलं आणि पायाचा रक्तपुरवठा पाहिला. इतक्या जाड पायात नाडी बोटाला लागत नाही, म्हणून हातातल्या डॉपलर यंत्रावर ऐकली. रोहिण्या अरुंद असतील तर पट्टीने पाय काळा पडू शकतो. हृदय कमजोर असेल तर पायातलं पाणी एकदम वर चढून धाप लागू शकते. दोन्ही ठीक निघालं. टेप लावून मापं घेतली: घोट्याला ४१ सेंटिमीटर, पोटरीला ५२.

घरी वापरतात ती क्रेप पट्टी रबरासारखी ताणते. ती आवळून बांधली की झोपेतही पायाला दाबत राहते आणि चालताना पोटरी फुगली की तीही सैल पसरते. आम्ही वापरतो ती कमी ताणणारी सुती पट्टी. बसल्यावर तिचा दाब सौम्य राहतो. चालताना मात्र स्नायू फुगतो, पट्टी जागा देत नाही आणि प्रत्येक पावलाला आतलं पाणी वर रेटलं जातं. म्हणून ही पट्टी बांधून पडून राहिलं तर निम्मा उपयोग वाया जातो.

आधी बोटांना एकेक करून मऊ गॉझ, पायावर सुती मोजा, त्यावर कापसाच्या रोलचं अस्तर. घोट्याच्या वळीत फोमचा तुकडा बसवला, नाहीतर पट्टी त्या खाचेत रुतून कातडी कापते. मग पाऊल काटकोनात धरून बोटांच्या बुडापासून सुरुवात. पावलाला ८ सेंटिमीटरची पट्टी, वर १० ची. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवायचा, टाच मोकळी सोडायची नाही. ओढ सगळीकडे सारखी ठेवली की घोटा बारीक असल्याने दाब तिथे आपोआप जास्त पडतो आणि वर पोटरीला कमी होत जातो. दाब तसाच हवा. शेवटी बोटांची नखं दाबून पाहिली, रंग लगेच परत आला. मावशींना वऱ्हांड्यात दोन फेऱ्या मारायला लावल्या. मुंग्या, बधिरपणा, निळसर बोटं किंवा वाढतं दुखणं, यातलं काहीही झालं तर मध्यरात्रीसुद्धा पट्टी सोडायची, असं सुनेकडून म्हणवून घेतलं.

पुढच्या आठवड्यात सून घाबरून आली. पट्टी घसरून पोटरीखाली गोळा झाली होती, त्याच्या वर कातडीत खोल वळ आणि खाली पाऊल फुगलेलं. पट्टी चुकली नव्हती, पाय उतरला होता! सुरुवातीला पाणी भराभर कमी होतं आणि सकाळी घट्ट असलेली पट्टी दुपारी सैल पडते. घसरलेली पट्टी दोरीसारखी आवळते, त्यापेक्षा नसलेली बरी. तेव्हापासून तिने रोज सोडून, पाय धुऊन, बेचकी तपासून नव्याने बांधायला सुरुवात केली. पट्ट्या धुऊन सावलीत वाळवायच्या, दोन जोड आलटून पालटून. रात्री पाय उंच राहावा म्हणून खाटेच्या पायथ्याखाली विटा.

दिवाळीनंतर घोटा ३५ आणि पोटरी ४५ वर आली. घोट्याची वळी बरीच सैल पडली, नडगीचा थर मऊ झाला. गाठी राहिल्या, त्या राहणारच. पाय उजव्यासारखा होणार नाही, हे मी त्यांना पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं.

खरा पेच दुसऱ्या वर्षीच्या रोवणीचा होता. चिखलात पट्टी भिजते आणि भिजलेली पट्टी दिवसभर अंगावर ठेवली तर बेचक्यांची पुन्हा तीच गत. रोवणीची मजुरी सोडा म्हणणं मला शक्य नव्हतं, त्या पैशावर घराचे चार महिने जातात. शेवटी ठरलं ते असं: शेतात पट्टी नाही. मावशी उभ्याने बांधीत रोवण्याऐवजी पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधायचं काम घेतील, धुऱ्यावर बसून. तरी पाय ओला होतोच, म्हणून दुपारच्या सुट्टीत स्वच्छ पाण्याने धुऊन गॉझने कोरडा करायचा, मलम लावायचं. घरी आल्यावर पुन्हा धुणं आणि मग पट्टी. गॉझचे तुकडे शिदोरीच्या पिशवीत.

त्या पावसाळ्यात एकच झटका आला. सुनेने त्याच संध्याकाळी बेचकं उघडून पाहिलं, पट्टी सोडून ठेवली आणि सकाळी पहिल्या गाडीने मावशींना घेऊन आली. चीर यावेळी टाचेला होती.